पार्टीनं रिटर्न नाही भरलं तर माझं क्रेडिट काहून अडकतं? जीएसटी बिलावरच्या क्रेडिटचे नेहमीचे प्रश्न

मी नागपूरच्या इतवारीत छोट्या दुकानदारांचे अन हिंगणा एमआयडीसीतल्या दोन-चार फॅब्रिकेशनवाल्यांचे हिशेब अन रिटर्न बघतो. दर महिन्याच्या १४ तारखेनंतर फोन सुरू होतात ते २० तारखेच्या रात्रीपर्यंत, अन प्रश्न तेच ते. शेवटी लिहूनच टाकले. खाली सगळीकडे विकणाऱ्याला "पार्टी" म्हटलंय, कारण आमच्याकडे तसंच म्हणतात. GSTR-1 म्हणजे विक्रीच्या बिलांचं रिटर्न, त्याला आर-वन; GSTR-2B म्हणजे तुमच्या नंबरवर आलेल्या बिलांची यादी, तिला टूबी; अन GSTR-3B म्हणजे टॅक्स भरायचं रिटर्न, त्याला थ्रीबी.

बिल माझ्या हातात आहे, जीएसटीसकट पैसे बँकेतून दिले, माल दुकानात पडला आहे. मग क्रेडिट नाही असं कसं?

हा पहिला प्रश्न अन यातच सगळ्या गोष्टीचं मूळ आहे. आपल्याला वाटतं की मी पार्टीला १८ टक्के दिले म्हणजे मी सरकारला दिले. तसं नाही ना भाऊ. तुम्ही दिले ते पार्टीच्या खात्यात गेले. तिथून पुढं सरकारकडं न्यायचं काम पार्टीचं. अन क्रेडिट म्हणजे सरकार तुम्हाला म्हणतं की "या मालावरचा टॅक्स आमच्याकडे आधीच आला, आता तेवढा तुमच्या टॅक्समधून कापून घ्या". जो आलाच नाही तो कापू कसा देतील, हा त्यांचा हिशेब.

कायद्यात हे सीजीएसटी कायद्याच्या कलम १६ च्या पोटकलम २ मध्ये आहे. तिथं अटी दिल्या आहेत अन त्या सगळ्या एकदमच पाळल्या गेल्या पाहिजेत. बिल पाहिजे, माल मिळालेला पाहिजे, तुम्ही स्वतःचं रिटर्न भरलेलं पाहिजे, या तीन तुमच्या हातातल्या. पण दोन अटी पार्टीच्या हातात आहेत. एक, तिनं ते बिल आपल्या आर-वनमध्ये दाखवलं पाहिजे अन ते तुमच्यापर्यंत पोर्टलवरून आलं पाहिजे. दुसरी, त्या बिलावरचा टॅक्स तिनं खरंच सरकारजमा केला पाहिजे, रोख म्हणा नाहीतर स्वतःच्या क्रेडिटमधून म्हणा.

बिलं दाखवायची ती पहिली अट १ जानेवारी २०२२ पासून लागली. त्याच्या आधी थोडी ढील होती. ऑक्टोबर २०१९ पासून पार्टीनं दाखवलेल्या बिलांच्या वर २० टक्के जास्त क्रेडिट घेता यायचं, मग ते १० झालं, मग ५, अन २०२२ पासून शून्य. टॅक्स भरल्याची दुसरी अट मात्र पहिल्या दिवसापासून, म्हणजे १ जुलै २०१७ पासून आहे, फक्त तेव्हा कोणी वाचली नव्हती.

व्हॅटच्या काळात असं नव्हतं ना?

होतं बाप्पा! लोक विसरले. महाराष्ट्राच्या व्हॅट कायद्यात कलम ४८(५) होतं, त्यात स्पष्ट लिहिलेलं की सेट-ऑफ तेवढाच मिळेल जेवढा टॅक्स खरोखर तिजोरीत आला. कोर्टात गेले लोक, महालक्ष्मी कॉटन जिनिंग म्हणून केस आहे, मुंबई हायकोर्टानं २०१२ मध्ये ते कलम वैध धरलं. त्यामुळं आपल्याकडचे जुने व्यापारी या दुखण्याला नवे नाहीत. फरक एवढाच की तेव्हा तीन-चार वर्षांनी असेसमेंटमध्ये कळायचं, आता १४ तारखेला कळतं.

हे टूबी काय आहे नेमकं अन १४ तारखेलाच काहून?

महिन्याला रिटर्न भरणारी पार्टी पुढच्या महिन्याच्या ११ तारखेपर्यंत आर-वन भरते, त्यात कोणत्या नंबरला किती रकमेचं बिल दिलं ते एकेक टाकते. तिमाही भरणाऱ्यांची तारीख १३. मग १४ ला पोर्टल सगळ्यांनी टाकलेलं गोळा करून तुमच्या नंबरवर आलेल्या बिलांची यादी बनवतं, ते टूबी. तिमाही भरणाऱ्या खरेदीदाराचं तिमाहीला एकदा बनतं. १३ च्या रात्रीनंतर पार्टीनं टाकलं तर ते बिल त्या महिन्याच्या टूबीत नाही येत, पुढच्यात येतं. म्हणून पार्टी म्हणते "मी तं भरलं", अन खरंच भरलेलं असतं, पण १५ तारखेला. दोघं बी खरे.

तुमचं थ्रीबी उघडलं की क्रेडिटचा आकडा याच टूबीतून आपोआप भरून येतो. तुम्ही हातानं जास्त टाकू शकता, पण मग फरक मोठा असला की पोर्टलवरून DRC-01C नावाची नोटीस येते, ७ दिवसात पैसे भरा नाहीतर कारण सांगा, अन काहीच नाही केलं तर तुमचं स्वतःचं पुढचं आर-वन अडकतं. म्हणजे मग तुमच्या गिऱ्हाइकाचं क्रेडिट तुमच्यामुळं लटकलं. साखळी आहे ही.

पार्टी म्हणते मी तिमाहीवाला आहे, तिमाही संपली की दिसेल. थांबू का?

वर्षाला ५ कोटीपर्यंत धंदा असणाऱ्याला तिमाही रिटर्नची सोय आहे, त्यामुळं ती खोटं नाही बोलत. पण तिला पहिल्या दोन महिन्यांची बिलं आधीच टाकायची सोय पण आहे, त्याला IFF म्हणतात, पुढच्या महिन्याच्या १ ते १३ तारखेत टाकायची. सक्ती नाही. आळशी पार्टी टाकत नाही, अन त्या आळसाचं व्याज तुमच्या खिशातून जातं. कसं ते एका उदाहरणात सांगतो, अन हेच उदाहरण पुढं बी चालवतो म्हणजे धागा सुटणार नाही.

हिंगण्याला एक भाऊ गेट अन ग्रिल बनवतो, महिन्याला रिटर्न भरतो. त्यानं १२ जुलै २०२३ ला लोहा ओळीतल्या एका पार्टीकडून ॲंगल अन चॅनल घेतले. माल ३,००,००० चा, सीजीएसटी २७,०००, एसजीएसटी २७,०००, बिल ३,५४,००० चं. पैसे आठवड्यात चुकते केले, पूर्ण. जुलैत त्याची स्वतःची विक्री ५,००,००० ची झाली, त्यावर टॅक्स ९०,०००. त्याच्या डोक्यात साधा हिशेब, ९०,००० मधून ५४,००० गेले, ३६,००० भरायचे.

१४ ऑगस्टला टूबी काढलं तर बिलच नाही. पार्टी तिमाहीवाली, IFF मध्ये टाकलं नव्हतं. २० ऑगस्टला ९०,००० पूर्ण रोख भरावे लागले. त्या दिवशी तो माझ्या टेबलासमोर बसून चहा थंड होईपर्यंत कॅल्क्युलेटर दाबत होता, जसं काही पाचव्यांदा दाबल्यावर ३६,००० येणारच होते. जुलै-सप्टेंबरचं आर-वन पार्टीनं १३ ऑक्टोबरला टाकलं, बिल १४ ऑक्टोबरच्या टूबीत आलं, अन ५४,००० त्यानं सप्टेंबरच्या थ्रीबीत घेतले. दोन महिने पैसे अडकले पण मिळाले. म्हणजे त्याला वाटलं की मिळाले.

तर थांबायचं का? थांबा, पण माल घेतानाच विचारून ठेवा की तुम्ही महिन्याला भरता की तिमाहीला, अन IFF टाकता का. भाव ठरवताना हे विचारायचं असतं, २० तारखेला नाही.

टूबीत दिसलं म्हणजे पक्कं झालं ना?

नाही. अन बहुतेक लोक इथंच फसतात.

टूबीत दिसणं म्हणजे पार्टीनं "मी याला विकलं" एवढं सांगितलं. आर-वन भरायला पैसे लागत नाहीत. पैसे लागतात थ्रीबीला. म्हणजे पार्टी आरामात आर-वन टाकून गिऱ्हाइकांना खुश करू शकते अन थ्रीबी भरतच नाही, तुमचे ५४,००० तिच्या गल्ल्यात फिरत राहतात. तुम्हाला टूबीत हिरवंगार दिसतं. दोन दरवाजे आहेत असं समजा, टूबी फक्त पहिला दाखवतं.

यावर डिसेंबर २०२२ मध्ये नियम ३७ए आला. त्याचं म्हणणं असं. पार्टीनं बिल आर-वनमध्ये दाखवलं, तुम्ही क्रेडिट घेतलं, पण ते आर्थिक वर्ष संपल्यावर येणाऱ्या ३० सप्टेंबरपर्यंत बी पार्टीनं त्या काळाचं थ्रीबी भरलं नाही, तर तुम्ही ३० नोव्हेंबरपर्यंत ते क्रेडिट परत करायचं. वेळेत केलं तर व्याज नाही. नाही केलं तर ती रक्कम व्याजासकट भरायची, अन वापरून टाकलेल्या क्रेडिटवर व्याज वर्षाला १८ टक्क्यांनं चालतं. ५४,००० वर वर्षाचे ९,७२० होतात, महिन्याला ८१०. पुढं कधी पार्टीनं थ्रीबी भरलंच तर क्रेडिट पुन्हा घेता येतं.

आपल्या भाऊचं बिल जुलै २०२३ चं, म्हणजे आर्थिक वर्ष २०२३-२४, म्हणजे पार्टीला मुदत ३० सप्टेंबर २०२४ पर्यंत अन त्याला स्वतःला ३० नोव्हेंबर २०२४ पर्यंत. पार्टीनं जुलै-सप्टेंबर २०२३ चं थ्रीबी भरलंच नव्हतं. २२ ऑक्टोबर २०२३ ची तारीख होती, गेली.

मला कसं कळणार तिनं थ्रीबी भरलं की नाही? ती काय दाखवणार आहे मला?

तिला विचारायचीच गरज नाही. gst.gov.in वर लॉगिन पण करू नका, वरती Search Taxpayer आहे, त्यात Search by GSTIN/UIN, पार्टीचा १५ आकडी नंबर टाका, महाराष्ट्राचा असेल तर २७ नं सुरू होतो. नाव, नंबर चालू आहे की सस्पेंड की रद्द, हे दिसतं, अन खाली रिटर्न भरल्याचं टेबल उघडता येतं, त्यात आर-वन अन थ्रीबी वेगवेगळे, कोणत्या महिन्याचं कोणत्या तारखेला भरलं ते. दोन मिनिटाचं काम आहे. टूबीमध्ये पण प्रत्येक बिलासमोर पार्टीनं आर-वन कधी भरलं ते दिसतं, पण थ्रीबीसाठी हे टेबलच बघा.

अन एक खूण सांगतो जी मला या सगळ्या टेबलांपेक्षा जास्त कामाची वाटते. आधीच्या काळाचं थ्रीबी बाकी असेल तर पोर्टल पार्टीला पुढचं आर-वन भरूच देत नाही. म्हणून पार्टी गडबडली की काय होतं, एका काळाची बिलं टूबीत व्यवस्थित येतात अन त्यापुढची एकदम बंद. सगळीच बंद, एखादं नाही. एखादं बिल नाही दिसलं तर टायपिंगची चूक असू शकते, पण एका पार्टीची सगळी बिलं गायब झाली की समजायचं मागचं थ्रीबी तुंबलं आहे, अन जी बिलं आधी दिसली होती ज्यांचं क्रेडिट तुम्ही घेऊन बसले आहात, तीच धोक्यात आहेत.

या टेबलाची एक मर्यादा बी सांगून ठेवतो. थ्रीबी भरलं एवढं दिसतं, त्यात तुमचंच बिल धरून टॅक्स भरला की कमी दाखवला ते नाही दिसत. आर-वनपेक्षा थ्रीबीत बराच कमी टॅक्स दाखवला तर पार्टीला नोटीस जाते, पण तुम्हाला कळत नाही.

मग हिंगण्याच्या भाऊचं काय झालं?

त्यानं नोव्हेंबर २०२३ मध्ये त्याच पार्टीकडून आणखी १,००,००० चा माल घेतला होता, टॅक्स १८,०००. मी तेव्हा त्याला म्हटलं होतं की मागचा अनुभव बघता या वेळी टॅक्सचे रोखून धर, टूबीत आलं की दे. त्यानं १,००,००० दिले, १८,००० ठेवले. पार्टी चिडली, "इतकी वर्षं झाली, भरवसा नाही का", वगैरे. जानेवारी २०२४ मध्ये टूबी काढलं, ऑक्टोबर-डिसेंबरचं एकही बिल नाही. तेव्हा टेबल उघडलं अन बघितलं तर जुलै-सप्टेंबरचं थ्रीबी बाकी. फोन केला तर "दोन दिवसात भरतो". हे दोन दिवस सप्टेंबर २०२४ पर्यंत चालले.

नोव्हेंबर २०२४ मध्ये ऑक्टोबरचं थ्रीबी भरताना आम्ही ५४,००० परत केले, टेबल 4(B)(2) मध्ये, कारण ती तात्पुरती उलटवायची रक्कम आहे, पुन्हा मिळू शकते. कायमची उलटवायची असते ती 4(B)(1) मध्ये जाते, अन तिथं टाकून बसलं की नंतर परत घेताना पोर्टलच्या हिशेबात ती रक्कम सापडत नाही, ही चूक मी एकाची निस्तरली आहे, फार कटकट होते. भाऊला त्या महिन्यात ५४,००० जास्त रोख भरावे लागले. दिवाळी नुकतीच झालेली, कारागिरांना बोनस दिलेला. काय बोलला ते इथं नाही लिहीत.

मग पार्टीला नंबर रद्द करायची नोटीस आली तेव्हा ती जागी झाली. फेब्रुवारी २०२५ मध्ये लेट फी अन व्याज भरून तिनं जुलै-सप्टेंबर २०२३ चं थ्रीबी टाकलं. ५४,००० आम्ही पुन्हा घेतले, थ्रीबीच्या 4(A)(5) मध्ये, अन तोच आकडा 4(D)(1) मध्ये पण दाखवायचा असतो.

आता मजा बघा. जुनं थ्रीबी सुटलं म्हणून पार्टीनं लगेच ऑक्टोबर-डिसेंबर २०२३ चं आर-वन पण टाकलं, त्यात नोव्हेंबरचं ते १८,००० वालं बिल. पार्टीचा फोन, "आता तं दिसलं ना, द्या माझे १८,०००". बिल टूबीत आलं होतं खरं, पण क्रेडिट न मिळणाऱ्या भागात. कारण कलम १६(४) म्हणतं की कोणत्याही आर्थिक वर्षाच्या बिलाचं क्रेडिट ते वर्ष संपल्यावर येणाऱ्या ३० नोव्हेंबरपर्यंतच घेता येतं, नाहीतर तुम्ही वार्षिक रिटर्न त्याआधी भरलं तर त्या तारखेपर्यंत. २०२३-२४ च्या बिलाची मुदत ३० नोव्हेंबर २०२४ ला संपली. पार्टीनं टॅक्स भरला, व्याज बी भरलं, सरकारला पैसे पोचले, तरी भाऊला एक रुपया क्रेडिट नाही.

म्हणजे ज्या बिलाचं आर-वन वेळेत आलं होतं अन फक्त थ्रीबी रखडलं, त्याचं क्रेडिट परत मिळालं. ज्याचं आर-वनच उशिरा आलं, त्याचं कायमचं गेलं. दोन्ही बिलं एकाच पार्टीची, एकाच गाडीवाल्यानं आणलेली. हा फरक नीट लक्षात ठेवा, कारण "पार्टीनं शेवटी भरलं ना" या एका वाक्यात तो दिसत नाही.

१८,००० रोखून धरलेले होते म्हणून भाऊ वाचला. नंतर पार्टीशी दोन-तीन वेळा बोलाचाली झाली अन शेवटी ९,००० वर मिटलं. कायद्यानं नाही, लोहा ओळीच्या रीतीनं.

मग सगळ्यांचेच जीएसटीचे पैसे रोखून ठेवायचे का?

मोठ्या कंपन्या तेच करतात, ऑर्डरवरच छापलेलं असतं की टॅक्सची रक्कम टूबीत दिसल्यावर. छोट्या दुकानदाराला ते इतकं सोपं नाही, कारण माल देणारा मोठा अन घेणारा लहान असला तर तो म्हणतो घ्यायचं तं घ्या. माझं मत, नवी पार्टी अन एकदा उशीर केलेली पार्टी, या दोघांपुरतं तरी रोखा. अन तोंडी नका ठेवू, ऑर्डरच्या कागदावर नाहीतर व्हॉट्सॲपवर तरी लिहून घ्या, बिल टूबीत आल्यावर इतक्या दिवसात टॅक्सची रक्कम देणार.

पण रोखताना एक गड्डा आहे तिकडं बघा. बिलाच्या तारखेपासून १८० दिवसात टॅक्ससकट पूर्ण पैसे पार्टीला गेले नाहीत तर घेतलेलं क्रेडिट त्या प्रमाणात तुम्हालाच व्याजासकट परत करावं लागतं, पैसे दिले की पुन्हा घेता येतं. १२ जुलै २०२३ च्या बिलाचे १८० दिवस ८ जानेवारी २०२४ ला भरतात. म्हणून टूबीत आलं, क्रेडिट घेतलं, की रोखलेली रक्कम सोडून द्या, उगीच दाबून बसू नका. क्रेडिट घेतलंच नसेल तर १८० दिवसांचा प्रश्नच येत नाही, उलटवायला काही पाहिजे ना.

माझी चूक काय? चोर पार्टी, अन दंड मला. कोर्टात जाता येत नाही का?

जाता येतं, लोक गेले पण. मे २०१८ मध्ये जीएसटी कौन्सिलच्या बैठकीनंतर सरकारनंच सांगितलं होतं की विकणाऱ्यानं टॅक्स नाही भरला म्हणून खरेदीदाराचं क्रेडिट आपोआप उलटणार नाही, आधी विकणाऱ्याकडून वसुली, अन तो गायबच झाला, धंदा बंद केला, त्याच्याकडे वसुलीसारखं काही नाही अशा वेळीच खरेदीदाराकडे येणार. २०२३ मध्ये कलकत्ता हायकोर्टानं सनक्राफ्ट एनर्जीच्या केसमध्ये याच धर्तीवर खरेदीदाराच्या बाजूनं निकाल दिला.

पण हे वाचून छाती फुगवू नका. त्याच वर्षी मार्चमध्ये सुप्रीम कोर्टानं इकॉम गिल कॉफीच्या केसमध्ये, ती कर्नाटकच्या व्हॅटची होती, सांगितलं की व्यवहार खरा होता हे सिद्ध करायचं ओझं खरेदीदारावर, अन नुसतं बिल अन चेकनं पैसे दिल्याचं दाखवून भागत नाही. जीएसटीत कलम १५५ तेच म्हणतं, क्रेडिट मागणाऱ्यानं सिद्ध करायचं. अन खरं सांगू का, ५४,००० साठी हायकोर्टात जायला वकिलाची फी किती लागते ते एकदा विचारून बघा. कोर्टाचे निकाल नोटिशीच्या उत्तरात लिहायला कामी येतात, तिथं जरूर लिहा. रोजच्या धंद्यात टेबल बघणं स्वस्त पडतं.

बिल दिसत नाही पण पार्टी म्हणते वेळेत टाकलं, पुरावा पण दाखवते.

मग बहुतेक तुमचा नंबर चुकला. १५ आकड्यात एक इकडचं तिकडं झालं अन तो नंबर दुसऱ्या कोणाचा निघाला तर तुमचं बिल त्याच्या टूबीत जाऊन बसतं. नाहीतर पार्टीच्या मुनीमानं तुम्हाला विना-नंबरचं किरकोळ गिऱ्हाईक समजून एकत्र रकमेत टाकलेलं असतं, तेव्हा ते कोणाच्याच टूबीत येत नाही. पार्टीनं पुढच्या आर-वनमध्ये दुरुस्ती केली की येतं, मुदत तीच, ३० नोव्हेंबर. काउंटरवरच बिलावरचा नंबर वाचून घ्या, लोखंड तोलताना जेवढं बघता तेवढंच लक्ष देऊन.

आता पोर्टलवर IMS पण आहे, ऑक्टोबर २०२४ पासून. आलेलं बिल तुम्ही मान्य करू शकता, नाकारू शकता, नाहीतर पेंडिंग ठेवू शकता. काहीच नाही केलं तर मान्य धरतात. दुसऱ्याचं बिल तुमच्या नावावर आलं तर नाकारा. माल अजून आला नाही तर पेंडिंग ठेवा.

कंपोझिशनवाल्याकडून घेतलं तर?

क्रेडिट नाही. त्यानं टॅक्स लावायचाच नसतो. त्याच्या बिलावर टॅक्स लावलेला दिसला तर घेऊच नका ते बिल.

पार्टीचा नंबरच रद्द झाला, ते पण मागच्या तारखेपासून. मला नोटीस आली. काय काय दाखवू?

घाबरायचं नाही, पण कागद पाहिजे. माल खरंच आला हे दाखवायचं असतं, बिल खरं आहे हे नाही, बिल तं कोणी बी छापतं. ई-वे बिल, गाडी नंबर असलेली बिल्टी, भाडं दिल्याची पावती, बँकेचं स्टेटमेंट, स्टॉकच्या रजिस्टरमधली नोंद, अन तो माल पुढं कशात लागला ते. भाऊच्या केसमध्ये त्या काळी नोटीस आली असती तर सगळ्यात भक्कम कागद धर्मकाट्याची पावती ठरली असती, तिच्यावर गाडी नंबर, भरल्या गाडीचं वजन, रिकाम्या गाडीचं वजन अन वेळ छापलेली असते, अन ती पार्टीनं नाही, तिसऱ्यानंच दिलेली असते. त्याशिवाय माल घेतला त्या दिवशी Search Taxpayer मध्ये नंबर चालू दिसत होता त्याचा तारखेसकट स्क्रीनशॉट.

काट्याच्या पावतीची शाई मात्र सहा महिन्यात उडते, त्या कागदाची जातच तशी. आली त्याच दिवशी झेरॉक्स काढून बिलाला टाचा.